नवसाबाईच्या बांधाची मोजणी

नवसाबाईला पहिल्यांदा बांधाची शंका आली ती झेंडूच्या तोड्याच्या वेळी. दिंडोरी तालुक्यातल्या खडकवाडीत तिचं सव्वादोन एकराचं रान. अर्ध्यात टोमॅटो, अर्ध्यात झेंडू. नवरात्राआधी फुलं तोडताना ती नेहमी उत्तरेच्या कडेपासून सुरुवात करायची. त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, शेवटच्या सरीत तिला उभं राहायला जागा उरली नव्हती. बांध सरीला टेकला होता. बांधाची माती ताजी होती आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी होती.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? नवरा चिमाजी चार वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा राज सातपूरला कंपनीत कामाला, बायकोपोरांसह तिकडेच भाड्याच्या खोलीत. घरात ती एकटी, दोन गायी आणि गोठा. आणि उत्तरेला रान होतं गोरक्षनानाचं. त्यानं नवीन द्राक्षबाग लावली होती. पंचायतीत त्याचा शब्द चालायचा, गावातले दोघे-चौघे सतत त्याच्या बागेत कामाला असायचे आणि कुणी त्याच्यापुढं मोठ्यानं बोलत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्याआधी बांध आणखी सरकला. या खेपेला नानानं सरकवलेल्या पट्ट्यात लोखंडी अँगल रोवून द्राक्षाच्या दोन ओळी उभ्या केल्या. नवसाबाईनं धीर करून बांधावर जाऊन विचारलं.

"नाना, हा बांध इकडं कसा आला?"

नाना मजुरांना तारा ओढायला सांगत होता. त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, अगदी शांतपणे.

"बांध आहे तिथंच हाय, वहिनी. तुमचं लक्ष उगाच भलतीकडं जाऊ राहिलंय. चिमाजी होता तव्हा कधी काही म्हणाला का?"

"तव्हा बांध तिकडं होता."

"एकट्या बाईमाणसानं लय विचार करू नये," नाना म्हणाला. "रानात ऱ्हायचं म्हणजे शेजार सांभाळून ऱ्हावं लागतं."

त्याचे मजूर हसले नाहीत. खाली बघून तारा ओढत राहिले. ते हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

आठवडाभरात तिच्या विहिरीवरून येणारा पाण्याचा पाइप मधेच फुटला. मग रानात ठेवलेली फवारणीची टाकी उलटी पडलेली सापडली. कोणी केलं याचा पुरावा काहीच नव्हता. पण त्या दिवसापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की नवसाबाईच्या हातातलं काम थांबायचं. भाकरी थापताना हात तसाच परातीवर राहायचा. आवाज जवळ येतोय की लांब जातोय, एवढंच ती ऐकत बसायची.

तलाठ्याकडं जायला तिला महिना लागला. तलाठी आप्पा भला माणूस होता, पण घाईत असायचा. त्यानं सातबारा काढून दिला. त्यावर चिमाजीनंतर वारस म्हणून तिचं आणि राजचं नाव होतं, आणि क्षेत्र होतं शून्य हेक्टर एक्क्याण्णव आर, म्हणजे सव्वादोन एकर.

"म्हणजे माझं रान एवढं हाय, हे सरकारला माहीत हाय?"

"माहीत आहे."

"मग नानाला सांगा ना."

आप्पानं चष्मा काढला. "मावशी, सातबारा सांगतो जमीन किती आहे अन् कोणाच्या नावावर. ती रानात नेमकी कुठून कुठवर आहे, हे सातबारा सांगत नाही. त्याला मोजणी लागते. दिंडोरीला भूमी अभिलेखचं कार्यालय आहे, तालुका निरीक्षकाचं. तिथं अर्ज करा. मला इथं बसून बांध दाखवायचा अधिकार नाही."

घरी येताना एसटीत तिनं सातबारा ब्लाऊजमध्ये दडवला. उगाचच. कुणी बघणारं नव्हतं, पण गावातलं कुणीतरी बसमध्ये असेल आणि नानाच्या कानावर जाईल, असं तिला वाटत राहिलं.

दिंडोरीच्या कार्यालयात लाकडी टेबलामागं एक लिपिक बाई बसल्या होत्या, सुवर्णा नावाच्या. सकाळपासून त्या त्याच त्याच गोष्टी माणसांना सांगून कंटाळल्या होत्या.

"कसली मोजणी? हद्द कायम करायची, की पोटहिस्सा वेगळा करायचा?"

"बांध सरकवलाय," नवसाबाई म्हणाली.

"मग हद्द कायम. या अर्जावर गट नंबर, गाव, क्षेत्र लिहायचं. सातबारा ताजा जोडायचा. चारी बाजूंच्या शेतमालकांची नावं अन् पत्ते लिहायचे, कारण त्यांना नोटीस जाते. शेताचा कच्चा नकाशा काढायचा आणि वाद कुठल्या बाजूला आहे ते त्यावर दाखवायचं. साधी मोजणी हवी की तातडीची, ते सांगा. तातडीची फी जास्त. फीचं चलन देते, ते बँकेत भरून पावती आणा. अन् सातबाऱ्यावर दुसरं कोणाचं नाव असेल तर त्याचीही सही लागेल."

नवसाबाईच्या कानात एकच शब्द घुमत होता.

"नोटीस सगळ्यांना जाते? उत्तरेवाल्यालाबी?"

"त्यालाच तर आधी जायला पाहिजे. त्याला न कळवता मोजलं तर उद्या तो म्हणेल, माझ्या पाठीमागं मोजलं. मग मोजणीला अर्थ काय राहिला?"

"अन् फक्त उत्तरेची बाजू मोजता येती का?"

"गट मोजायचा म्हणजे चारी बाजू, बाई. एका बाजूची रेघ एकटी उभी राहत नाही."

हे ऐकून तिला वेगळीच धास्ती वाटली, आणि त्याचं कारण नाना नव्हता. दक्षिणेच्या बाजूला तिचा गोठा होता. चिमाजीनं तो बांधला तेव्हा हद्द पावलांनी मोजली होती. दक्षिणेचं रान अक्काबाईचं. अक्काबाई तिच्याहून वयानं मोठी, विधवा, आणि गावात तिच्याशी मोकळेपणानं बोलणारी एकमेव बाई. चिमाजीनं पावलं मोजताना अक्काबाईच्या दिवंगत नवऱ्यानं बांधावर उभं राहून विडी ओढली होती आणि म्हटलं होतं, "हाय तिथं बांध." तेवढीच ती मोजणी.

चार दिवस तिनं अर्ज तसाच घरात ठेवला. मग सही घ्यायला सातपूरला गेली. राजनं अर्ज वाचला आणि खाटेवर ठेवून दिला.

"आई, सोड ना. दोन ओळी द्राक्षाच्या. नानाशी वैर घेऊन तू तिथं एकटी राहणार कशी? मी इथं रात्रपाळीला असतो. तुला काही झालं तर मला दुसऱ्या दिवशी कळेल."

"मला ते काय समजत नाय व्हय?"

"मग कशाला?"

सुनेनं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली.

"दर वर्षाला तो इतका इतका पुढं येतोय," ती अखेर म्हणाली. "पुढच्या साली झेंडू जाईल. मग विहीर. विहीर गेली की मला तिथं ऱ्हायचं कारणच नाय. भीती आत्ताबी हाय अन् तेव्हाबी असंल. पण तेव्हा रान नसंल."

राजनं सही केली. पण सही करताना त्याचा हात थांबला होता, हे तिनं पाहिलं होतं. अर्ज देऊन आणि चलनाची पावती जोडून ती कार्यालयातून निघाली तेव्हा तिच्याकडं एक पोच होती. तिच्यावर मोजणी रजिस्टरचा नंबर आणि मोजायला येणाऱ्या भूकरमापकाचं नाव. तारीख टपालानं कळेल, असं सुवर्णाबाईंनी सांगितलं.

नोटीस तिला आली त्याच आठवड्यात नानालाही आली. तिला कळलं ते असं: सकाळी ती गाईला पाणी दाखवत होती, तेव्हा नाना बांध ओलांडून थेट गोठ्यासमोर आला. हातात नोटीस होती.

"हे तुमचं काम?"

तिनं पाण्याची बादली खाली ठेवली.

"मोजणी म्हणजे सरकार येणार. सरकार येणार म्हणजे सगळं मोजणार." त्यानं गोठ्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि हलकेच थाप दिली. "हा पत्रा कुणाच्या रानात हाय, ते ठावं हाय का तुम्हाला? नसंल तर तपासून घ्या. अर्ज मागं घेता येतो अजून."

तो गेल्यावर ती गाईची मान धरून उभी राहिली. नाना खरं बोलत होता की नुसता भिववत होता, हे तिला ओळखता येत नव्हतं. आणि अर्ज मागं घेतला तर तो काय समजेल, हे मात्र तिला चांगलं कळत होतं.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक आले. मध्यम वयाचे, सायकलवरून उतरलेले, डोक्याला टोपी. सोबत एक शिपाई, तिपाईवरचा लाकडी फळा, साखळी आणि झेंड्या. अर्जदारानं मजूर, चुना आणि दगड तयार ठेवायचे असतात. नवसाबाईनं राजला रजा काढायला लावून ते जमवलं होतं. पण उत्तरेच्या बांधावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यामागं नानाची चार माणसं कुऱ्हाडी घेऊन बसली होती. फांद्या तोडायला आलोय, म्हणत होती.

"साहेब, माझ्या बागेत कुणाला पाय ठेवू द्यायचा नाय," नाना शांतपणे म्हणाला. "फवारा मारलाय. माणूस मेला तर जबाबदारी माझ्यावर."

भूकरमापकांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिथंच पंचनामा लिहिला की लगतधारकानं, म्हणजे शेजारच्या शेतमालकानं, मोजणीस हरकत घेऊन अडथळा केला. मग सामान आवरलं.

"आता?" राजनं विचारलं.

"आता बंदोबस्त मागा. पोलीस असले की मी पुढची तारीख देतो."

ते निघाले तेव्हा नवसाबाईला वाटलं, आता संपलं. सरकार आलं आणि सरकार परत गेलं. संध्याकाळी तिनं गाई आत घेतल्या आणि गोठ्याच्या दाराला पहिल्यांदाच बाहेरून कुलूप लावलं. नंतर घराच्या दाराला आतून कडी घालून ती अंधार व्हायच्या आधीच झोपायला गेली, पण डोळा लागला नाही. राज त्या रात्री थांबला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीला निघून गेला.

पोलीस बंदोबस्ताला दोन महिने लागले. या दोन महिन्यांत नानानं काही केलं नाही. हेच तिला जास्त भीतीदायक वाटायचं. पाइप फुटला नाही, टाकी उलटली नाही. रस्त्यात भेटला तर नाना "काय वहिनी" म्हणायचा.

दुसऱ्या वेळी दोन पोलीस बांधाजवळ उभे राहिले आणि बाभळीच्या फांद्या नानाच्याच माणसांनी बाजूला केल्या. भूकरमापकांनी आधी कार्यालयातून आणलेल्या गट नकाशाप्रमाणं जुन्या खुणा शोधल्या. शिवेवरचा दगड, ओढ्याचं वळण, तिच्या विहिरीचा काठ. मग फळा मांडला आणि एकेका टोकाकडं झेंडी उभी करून रेघा ओढल्या. आज कोण कुठवर नांगरतो, ती वहिवाट आधी घेतली. नवसाबाईला विचारलं, तुमची वहिवाट कुठवर. नानाला विचारलं, तुमची कुठवर. दोघांनी बोटानं दाखवलं. जबाबावर सही करायला नानानं नकार दिला.

"नका करू," भूकरमापक म्हणाले. "तुम्हाला नोटीस मिळाल्याची पोच आहे, तुम्ही हजर होता, सही नाकारली, एवढं मी लिहितो. पंचांच्या सह्या होतील."

"आता सांगा ना साहेब, कुठं हाय माझी हद्द?" नवसाबाईनं विचारलं.

"आज नाही. कार्यालयात हे माप मूळ नकाशाशी लावून बघावं लागतं. मग पुन्हा येऊन खुणा दाखवीन."

त्या पंधरवड्यात ती तीनदा अक्काबाईच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. चौथ्यांदा आत गेली. अक्काबाई सुपात उडीद पाखडत होती. तिला दिसायला कमी झालं होतं, पण चाहूल चांगली लागायची.

"नवसा का? उभी का? बस."

"अक्का, मोजणीत माझा गोठा तुमच्या रानात निघाला तर?"

सूप थांबलं.

"निघाला तर निघाला."

"तुमचा पुतण्या सहादू काय म्हणंल?"

"सहादू लय बोलतो. बोलू दे." अक्काबाईनं सूप बाजूला ठेवलं. "तू मला आत्ता येऊन सांगितलंस, हे बरं केलंस. नकाशातून कळलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं."

नवसाबाईला तिथं रडू आलं. अक्काबाईनं तिला थांबवलं नाही, की समजूतही घातली नाही. नुसते मूठभर उडीद तिच्या हातावर ठेवले, खायला म्हणून नव्हे, सवयीनं.

खुणा दाखवायच्या दिवशी अर्धं गाव बांधावर होतं. भूकरमापकांनी चुन्याची रेघ ओढायला लावली. उत्तरेकडं ती द्राक्षाच्या दोन्ही ओळींच्या पलीकडून गेली. नानाच्या बायकोनं, मैनानं, पदर तोंडाला लावला. कोपऱ्यांवर दगड रोवले गेले. मग माणसं दक्षिणेकडं वळली, आणि नवसाबाई मागं राहिली. तिला त्या रेघेकडं चालवत नव्हतं. राजनं येऊन सांगितलं, "आई, रेघ गोठ्यातून गेलीय. अर्धा गोठा अक्काच्या रानात."

नाना पुढं आला. आज पहिल्यांदा त्याच्या आवाजात धार होती.

"बघा! जिनं मला चोर ठरवायला सरकार आणलं, तिचाच गोठा दुसऱ्याच्या रानात. साहेब, आता हिचा गोठा पाडा आधी."

"मी काही पाडत नाही, काही देत नाही," भूकरमापक म्हणाले. "हद्द कुठं आहे अन् वहिवाट कुठं आहे, एवढं दाखवणं माझं काम. ताबा देणं-घेणं माझ्या हातात नाही. ते तहसीलदारांकडं किंवा कोर्टात."

नानानं ते ऐकलं आणि सैल झाला. "म्हणजे दगड दगडाच्या जागी, वेल माझ्या जागी."

तो हसत निघून गेला. नवसाबाई तिथंच खाली बसली. इतकी भीती खाऊन शेवटी एक चुन्याची रेघ मिळाली, आणि ती रेघसुद्धा अर्धी तिच्याविरुद्ध.

नकाशाची 'क' प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारी नक्कल, महिन्यानं मिळाली. सुवर्णाबाईंनी ती टेबलावर पसरून दाखवली. अखंड रेघ म्हणजे अभिलेखातली हद्द, तुटक रेघ म्हणजे आजची वहिवाट. दोन रेघांच्या मधला पट्टा वेगळ्या रंगात. उत्तरेला सहा आर नानाच्या वहिवाटीत, गट नवसाबाईचा. दक्षिणेला अर्धा आर नवसाबाईच्या वहिवाटीत, गट अक्काबाईचा. खाली मोजणी नंबर, तारीख, भूकरमापकाची आणि निरीक्षकांची सही, शिक्का.

"यानं मालकी ठरत नाही," सुवर्णाबाई म्हणाल्या. "मालकी तुमच्या सातबाऱ्याची अन् वारसाची. पण त्या मालकीची रेघ रानात कुठून जाते अन् तिच्या आत आज कोण बसलंय, हे आता लिहिलेलं आहे. उद्या तो म्हणाला की बांध पहिल्यापासून इथंच होता, तर या नकाशाला त्याला उत्तर द्यावं लागेल. मान्य नसेल तर तो निमताना मागू शकतो, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजायचं."

नानानं निमताना मागितला. या खेपेला खुद्द तालुका निरीक्षक आले. ते दिवस नवसाबाईनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. रेघ बदलली तर काय, हा एकच विचार. जेवणावरची वासना गेली होती. पण रेघ बदलली नाही. एक-दोन वीत इकडं-तिकडं, एवढंच.

मधल्या काळात तिनं एक काम केलं. सातपूरहून राज आणि त्याचे दोन मित्र आले आणि त्यांनी गोठा उतरवला. पत्रे, वासे, दावणी, सगळं हद्दीच्या आत नेऊन पुन्हा उभं केलं. अक्काबाई म्हणत होती, राहू दे, मी काही मागत नाही. नवसाबाई म्हणाली, "तुम्ही मागत नाय, पण तहसीलदार मला विचारतील ना, तुझ्या बाजूचं काय." सहादू बांधावर उभा राहून बघत होता. तो भांडायला आला होता बहुतेक. थोड्या वेळानं त्यानं एका वाशाचं टोक धरलं.

मग दोन्ही मोजण्यांचे नकाशे आणि सातबारा जोडून तिनं तहसीलदारांकडं अर्ज केला, की ठरलेल्या हद्दीच्या आतला ताबा मिळावा. तीन-चार तारखा झाल्या. नानाच्या वकिलानं एका तारखेला विचारलं, अर्जदारानं स्वतः शेजारणीच्या जागेत अतिक्रमण केलेलं नाही का? नवसाबाई उभी राहिली. उत्तर द्यायचं होतं, ते तिनं दिलं.

"केलं होतं. मोजणीत कळलं, तव्हा काढलं."

तहसीलदारांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा कागदावर लिहू लागले. आदेश तिच्या बाजूनं झाला. छाटणीच्या हंगामाआधी नानानं दोन ओळी काढून जागा मोकळी करायची, नाहीतर मंडळ अधिकारी येऊन काढून घेतील.

नानानं ओळी काढल्या त्या दिवशी नवसाबाई रानात गेली नाही. घराच्या उंबऱ्यावर बसून अँगल उपटल्याचे आवाज ऐकत राहिली. मधेच मैना आली. याआधी ती कधी या घरात आली नव्हती.

"आज विहिरीची मोटार सोडू नका," ती खाली बघून म्हणाली. "तिकडं चिखल झाला तर आमचे खांब न्यायला ट्रॅक्टर यायचा नाय."

"नाय सोडत," नवसाबाई म्हणाली.

मैना घुटमळली. मग ती निघून गेली.

पुढल्या आषाढात त्या सहा आरांत नवसाबाईनं झेंडू लावला. लावणीच्या बायका बोलत होत्या, हसत होत्या. ती मात्र मधूनमधून मान वर करून उत्तरेकडं बघत होती. नाना त्याच्या बागेत फिरत होता. एकदा तो बांधापर्यंत आला, दगडाजवळ थांबला, दगडाकडं बघितलं, आणि परत गेला. तो दिसेनासा झाला तरी बराच वेळ तिची नजर तिथून हटली नाही. मग तिनं वाकून पुढचं रोप घेतलं.